तुंबलेलं सिंक आणि पावडरीची पुडी

फराळाच्या दिवसांत स्वयंपाकघरातलं सिंक हमखास तुंबतं. भांड्यांवरचं गरम तूप-तेल पाइपात जाऊन थंड होतं, गोठतं, आणि त्याला भाताची शितं नि चहाचा चोथा चिकटतो. मग दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी येते. तिच्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो, काही पुड्यांत ॲल्युमिनियमचे बारीक कणही. पाणी लागताच हे मिश्रण तापतं, फसफसतं आणि हायड्रोजन सोडतं. हा वायू पेट घेणारा, आणि शेजारच्या शेगडीवर बहुधा काहीतरी शिजत असतं!

सोडा तुपाचा साबण करतो, हे खरं. पण पाणी साचलेलं असलं तर तो तळाशी बसून कधी कधी तुपासकट दगडासारखा घट्ट होतो. पुडी वाया गेली म्हणून कुणीतरी संडासातलं ॲसिड आणून ओततं. खरा अपघात होतो तो इथे. शिल्लक सोड्याशी ॲसिडची गाठ पडली की पाणी उकळून जाळीतून उसळतं, ते वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर. ॲसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरू लागले, खोकला आला की खिडकी उघडायलाही न रेंगाळता सगळ्यांनी बाहेर पडावं.

डोळ्यात सोडा गेला तर तो ॲसिडपेक्षाही खोल शिरतो आणि आत शिरतच राहतो. पापण्या उघड्या धरून नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान 20 ते 30 मिनिटं डोळा धुवावा, मगच दवाखान्याकडे निघावं. लिंबू, व्हिनेगर यातलं काही घालू नये.

गंमत अशी, की अडलेला गाळ बहुतेकदा हाताच्या अंतरावरच असतो. सिंकखाली पेल्यासारखा भाग दिसतो, तो बॉटल ट्रॅप. खाली बादली ठेवा, हातमोजे घाला आणि तळाचा पेला हाताने फिरवून काढा. काळपट, आंबूस वासाचा गोळा बादलीत पडतो. पेला घासून, रबरी वॉशर नीट बसवून परत लावा आणि पाणी सोडून गळतंय का बघा. ट्रॅप स्वच्छ निघाला, तर अडथळा पुढे आहे. मग प्लंजर घ्या. सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा आणि सरळ वर-खाली दट्ट्या मारा. पाणी उतरू लागलं की भांड्यांचा साबण घातलेलं गरम पाणी सोडावं. उकळतं नको, कारण पीव्हीसीचा पाइप 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान, पण गोठलेल्या तुपापुढे त्याचं फारसं चालत नाही.

हे सगळं पुडी ओतण्याआधीचं. ती आधीच आत गेली असेल तर प्लंजर मारू नका, ट्रॅपही उघडू नका. प्लंबरला बोलवा आणि त्याने पान्याला हात घालण्याआधी पाइपात काय ओतलंय ते सांगा. पुडीचं वेष्टनच दाखवलेलं बरं.