इंग्रजी भाषणाच्या मसुद्याची तपासणी : मूळ मराठी वाक्याचा मागोवा

मराठी भाषकाने लिहिलेले इंग्रजी भाषण तपासावयास आले म्हणजे तपासणारा बहुधा पहिल्या ओळीपासून तांबड्या शाईने व्याकरण दुरुस्त करू लागतो. शेवटची ओळ संपेपर्यंत प्रत्येक वाक्य निर्दोष होते, आणि तरीही भाषण ऐकताना ते इंग्रजी वाटत नाही. याचे कारण असे की, अशा मसुद्यात आढळणारे तीन प्रकारचे दोष, म्हणजे व्याकरणाचे स्खलन, शब्दशः भाषांतराची सवय आणि उच्चाराची अडचण, हे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. पहिल्या दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा एक मराठी वाक्य असते, व तिसऱ्याच्या मुळाशी मराठी उच्चारव्यवस्था असते. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम भाषांतराची सवय, नंतर व्याकरण आणि सर्वांत शेवटी उच्चार, हा क्रम का योग्य, ते एका उदाहरणाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी मानोऱ्याचा प्रसंग घेऊ. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील हा तालुका. येथील व्यवहाराची बोली वऱ्हाडी असून, बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच तालुक्यात आहे. १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. नाईकांचे जन्मगाव गहुली हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात. तेव्हा या दिवशी मानोऱ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने इंग्रजीतून भाषण करावयाचे ठरविले, तर त्याच्या मसुद्यात कशा प्रकारची वाक्ये येतील, याचा नमुना पुढे रचून घेतला आहे. ही वाक्ये कोणा एका विद्यार्थ्याची नव्हेत. मात्र त्यांतील प्रत्येक दोष अध्यापकांच्या ओळखीचा आहे.

मसुद्यात असे एक वाक्य आहे : 'डिफिकल्टीज आर कमिंग टू अवर फार्मर्स.' व्याकरणाच्या दृष्टीने येथे कर्ता आहे, क्रियापद आहे, वचन जुळलेले आहे. दोष दाखवावा असे काहीच नाही. परंतु वाक्याच्या आत 'आमच्या शेतकऱ्यांना अडचणी येत आहेत' हे मराठी वाक्य जसेच्या तसे बसले आहे. ज्याला सुख, दुःख, अडचण किंवा आठवण अनुभवास येते, त्याला मराठी चतुर्थीत ठेवते व अनुभवास कर्ता करते. इंग्रजीत अनुभव घेणारा मनुष्यच बहुधा कर्ता असतो. म्हणून येथे एखादा शब्द बदलून भागत नाही, वाक्यच उलटावे लागते : 'अवर फार्मर्स फेस मेनी डिफिकल्टीज.' आता ध्यानात येईल की, आधी व्याकरण पाहणाऱ्याने हे वाक्य बरोबर म्हणून सोडून दिले असते.

मसुद्यातील सर्वांत बोधप्रद वाक्य नाईकांच्या एका प्रसिद्ध प्रतिज्ञेचे आहे. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याबाबत स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला फाशी द्यावे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी मुख्यमंत्री असताना काढल्याचे सांगितले जाते. विद्यार्थी ते असे लिहितो : 'ही सेड दॅट इफ महाराष्ट्र विल नॉट बिकम सेल्फ-सफिशियंट इन टू इयर्स, गिव्ह हँगिंग टू मी.' केवळ व्याकरण पाहणारा येथे दोन गोष्टी दुरुस्त करील. 'इफ'नंतरचा भविष्यकाळ 'होणार नाही तर' यावरून आला आहे, म्हणून तेथे 'डझ नॉट बिकम' असे करील. आणि 'फाशी देणे' या संयुक्त क्रियापदाचे शब्दशः रूपांतर काढून 'हँग मी' असे लिहील. वाक्य आता असे होते : 'ही सेड दॅट इफ महाराष्ट्र डझ नॉट बिकम सेल्फ-सफिशियंट इन टू इयर्स, हँग मी.' प्रत्येक शब्द इंग्रजी झाला. तथापि ऐकणाऱ्याला वाटेल की, फाशीची मागणी व्यासपीठावरचा विद्यार्थीच करीत आहे.

या घोटाळ्याचे कारण मराठीतील 'की' हे अव्यय होय. 'ते म्हणाले की, मला फाशी द्या' या वाक्यात 'की'च्या पुढे मूळ वक्त्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. तेथील 'मला' म्हणजे बोलणारे नाईक, हे कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत 'दॅट' आले की पुढील सर्वनामे व काळ सांगणाऱ्याच्या दृष्टीने बदलतात; शिवाय आज्ञार्थ 'दॅट'च्या पुढे राहतच नाही, तो 'टू'च्या रचनेत जातो. म्हणून योग्य दुरुस्ती अशी : 'ही टोल्ड द पीपल टू हँग हिम इफ महाराष्ट्र डिड नॉट ग्रो ऑल इट्स ओन फूड विदिन टू इयर्स.' दुसरा मार्ग म्हणजे 'दॅट' काढून मूळ उद्गार अवतरणात ठेवणे. छापील लेखात तो निर्धोक आहे. भाषणात मात्र अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. 'सेड'नंतर स्पष्ट विराम घेऊन स्वर बदलता आला नाही, तर पूर्वीचाच घोटाळा पुन्हा होतो. नवशिक्या वक्त्यासाठी पहिली रचनाच सुरक्षित.

या दुरुस्तीत आणखी एक लाभ झाला, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'सेल्फ-सफिशियंट' हा उच्चारास अवघड शब्द मसुद्यातून आपोआप गेला आणि त्याच्या जागी 'ग्रो ऑल इट्स ओन फूड' हे साधे शब्द आले. उच्चाराची तपासणी आधी केली असती, तर जो शब्द राहणारच नव्हता, त्याच्या सरावात वक्त्याचा वेळ गेला असता.

वाक्यांची घडण इंग्रजी झाली म्हणजे व्याकरण पाहावे. आता दोष थोडे उरतात आणि ते ठरावीक जागी सापडतात. त्यांतील एक काळाचा. विद्यार्थी लिहितो : 'वुई हॅव प्लँटेड फिफ्टी ट्रीज यस्टर्डे.' मराठीत 'आम्ही काल पन्नास झाडे लावली आहेत' हे सर्वथा शुद्ध आहे, कारण क्रिया काल झाली व तिचे फळ आज आहे, या दोन्ही गोष्टी मराठी एका वाक्यात सांगू शकते. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ मात्र संपलेला काळ दाखविणाऱ्या शब्दाबरोबर बसत नाही. म्हणून 'काल', 'गेल्या वर्षी', '१९६३ साली' असे शब्द मसुद्यात शोधावेत आणि त्या प्रत्येकाजवळचे क्रियापद तपासावे. 'काल' ठेवावयाचे असेल तर 'प्लँटेड'. फळावर भर असेल तर 'काल' काढून 'हॅव प्लँटेड'. एवढी एकच पाहणी बहुतेक कालदोष उघड करते.

दुसरे स्थळ उपपदांचे. 'फार्मर इज बॅकबोन ऑफ नेशन' या वाक्यात तीन नामे आहेत व एकही उपपद नाही. मराठीत उपपद नाहीच. त्यामुळे लेखकाला येथे काही उणे आहे असे जाणवत नाही, आणि स्वतः वाचून त्याला हा दोष सापडणेही कठीण. तपासणाऱ्याने एकवचनी गणनीय नामांखाली रेघ ओढावी व प्रत्येकाविषयी एक प्रश्न विचारावा : श्रोत्याला ही वस्तू कोणती ते ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर 'द', नसेल तर 'अ' किंवा 'ॲन'. येथे शेतकरी हा संपूर्ण वर्गाचा प्रतिनिधी, कणा एकच, आणि राष्ट्र आपले ठाऊक असलेले. म्हणून 'द फार्मर इज द बॅकबोन ऑफ द नेशन.' उपपदांचे सर्व नियम या प्रश्नाने सुटत नाहीत. विशेषनामे, नद्या, संस्था यांच्या बाबतीत रूढी वेगळीच असते, व तेथे कोश पाहणे हाच उपाय.

शेवटी उच्चार. आता मसुदा स्थिर झालेला असल्यामुळे वक्त्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि तपासणाऱ्याने कागद न पाहता ऐकावे. कागद समोर असला की डोळा कानाची चूक झाकतो. जो शब्द कळला नाही तेवढाच टिपावा. मानोऱ्याच्या नमुन्यात असे दोन प्रकारचे शब्द निघतात.

पहिला प्रकार लेखनाने फसविणाऱ्या शब्दांचा. १९७२च्या दुष्काळाचा उल्लेख करताना येणारा शब्द 'ड्राउट' असा उच्चारावयाचा आहे. अक्षरे पाहून तो 'ड्रॉट' असा वाचला जातो. 'प्रॉमिस्ड' हा शब्द 'प्रॉमिसेड' असा ऐकू येतो, कारण शेवटची दोन अक्षरे डोळ्यांना दिसतात. भूतकाळाच्या या प्रत्ययात स्वर केवळ ट किंवा ड या ध्वनींनंतर उच्चारला जातो, जसे 'प्लँटेड', अन्यत्र नाही. असे शब्द समासात देवनागरीत लिहून द्यावेत. परंतु देवनागरीचीही मर्यादा ध्यानात ठेवावी. 'व्हिलेज' असे आपण लिहितो, त्यात ह दिसतो. इंग्रजी ध्वनीत महाप्राण नाही. खालचा ओठ वरच्या दातांना हलकेच लागला की तो ध्वनी निघतो. 'वुई' या शब्दाच्या आरंभी मात्र दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. मराठीचा 'व' या दोहोंच्या मधला आहे. वऱ्हाडीत तर इ आणि ए यांच्यापूर्वीचा 'व' गळून 'वेळ'चे 'येळ' होते. म्हणून हा भेद लिहून न देता आरशासमोर दाखवावा.

दुसरा प्रकार आघाताचा. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे वक्ता सर्व अक्षरे सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजी ऐकणारा मात्र जोराच्या अक्षरावरून शब्द ओळखतो. 'ॲग्रिकल्चर' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'डिव्हेलपमेंट' मध्ये दुसऱ्या अक्षरावर. अशा शब्दांतील एकाच अक्षराखाली रेघ द्यावी. भाषणभर दहा-बारा रेघांहून अधिक झाल्यास वक्ता त्या विसरतो. याच ठिकाणी 'च' या अव्ययाचाही निकाल लागतो. 'त्यांच्यामुळेच' याचे 'बिकॉज ऑफ हिम ओन्ली' असे रूपांतर मसुद्यात असेल, तर 'ओन्ली' काढून 'हिम' या शब्दावर आवाजाचा जोर द्यावयास सांगावे. मराठी जे अव्ययाने साधते, ते इंग्रजी पुष्कळदा आघाताने साधते.

कोठे थांबावे, हेही तपासणाऱ्याने ठरविले पाहिजे. 'रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर' हे संबोधन इंग्लंडमध्ये रूढ नसले, तरी मानोऱ्याच्या सभागृहात ते औचित्याचे आहे. ते काढल्यास भाषण शुद्ध होत नाही, केवळ उद्धट वाटते. थ आणि द यांचे मराठी उच्चारही भारतीय श्रोत्याला अडवीत नाहीत. मराठी न जाणणारा श्रोता, उदाहरणार्थ केरळातून आलेला एखादा अधिकारी, कोठे चुकीचा अर्थ घेईल, एवढीच कसोटी लावावी. त्या कसोटीने उपपदाचा एखादा दोष क्षम्य ठरतो, फाशीचे वाक्य कधीही नाही.

मसुद्याच्या पहिल्या वाचनात तपासणाऱ्याच्या हाती म्हणूनच पेन्सिल असावी, तांबडी शाई नव्हे. जे वाक्य खटकेल त्याच्या समासात, त्याच्या पोटी असलेले मराठी वाक्य लिहावे. अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकल्या, म्हणजे मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य रचावयास शिकल्या. त्याच वाटेने उलट मागे जाऊन मराठी वाक्य सापडले की, वक्त्याला काय म्हणावयाचे होते ते कळते. आणि ते कळल्यावाचून केलेली दुरुस्ती त्याचे भाषण राहत नाही.