सत्तेचाळीस सेकंदांचा चढ

नऊ व्होल्टची बॅटरी, 47 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडा. कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून दर दहा सेकंदांनी आकडा टिपा. आधी आकडे भराभर चढतात, मग रेंगाळतात. कारण कपॅसिटर भरत जातो तसा रेझिस्टरवरचा दाब घटतो आणि प्रवाहही.

दोन्ही किमतींचा गुणाकार 47 सेकंद, हाच कालस्थिरांक. तेवढ्यात 63 टक्के, म्हणजे 5.7 व्होल्ट भरतात. बॅटरी काढून त्याच रेझिस्टरमधून रिकामा केला, तर तेवढ्याच वेळात 3.3 उरतात.

माझ्या आलेखात 5.7 यायला 52 सेकंद लागले. चूक घड्याळाची नव्हती. कपॅसिटरच 1100च्या आसपास निघाला. छापील किमतीत वीस टक्के फरक चालतो!