थकबाकीची नोटीस: भाषा सौम्य, हिशेब चोख

गृहनिर्माण सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीला दोन वाचक असतात. पहिला सभासद. त्याने पैसे भरलेच नाहीत तर दुसरा वाचक म्हणजे सहकार खात्याचा उपनिबंधक, कारण वसुली दाखल्याच्या अर्जाला हीच नोटीस जोडावी लागते. म्हणून सेक्रेटरींनी राग बाजूला ठेवून आधी हिशेब लिहावा.

नोटिशी बहुधा व्याजात चुकतात. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. तो वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि व्याज सरळ असावे लागते, चक्रवाढ नव्हे. समजा, मेंटेनन्स महिना 3,000 रुपये आहे आणि एप्रिल ते सप्टेंबरची बिले थकली आहेत. मुद्दल झाले 18,000. पुष्कळ ठिकाणी या पूर्ण रकमेवर सहा महिन्यांचे 1,890 रुपये व्याज लावून मोकळे होतात. पण प्रत्येक बिलाची मुदत महिनाअखेर संपत असेल, तर 30 सप्टेंबरला एप्रिलचे बिल पाच महिने थकलेले असते, ऑगस्टचे एकच महिना. एका बिलावर महिन्याला साडेबावन्न रुपये धरले, तर खरे व्याज 787 रुपये 50 पैसे होते. इतकी तफावत सापडली की सभासद सगळ्याच रकमेवर हरकत घेतो.

हिशेब जुळला की मजकूर थोडक्यात होतो:

‘सदनिका क्र. 12 ची एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांची देखभाल शुल्काची थकबाकी 18,000 रुपये व त्यावरील व्याज 787.50 रुपये, एकूण 18,787.50 रुपये येणे आहे. महिनावार तपशील सोबत जोडला आहे. कृपया ही रक्कम नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत भरावी. आकड्यांत चूक आढळल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावे. अन्यथा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 154 ब-29 नुसार वसुलीसाठी अर्ज करावा लागेल.’

‘पाणी तोडू’, ‘नाव फलकावर लावू’ असल्या धमक्या यात नकोत. पाणी तोडले तर तक्रार सोसायटीवरच उलटते. वसुलीचा कायदेशीर मार्ग या कलमातच आहे: उपनिबंधकाने दाखला दिला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. नोटीस हातपोच दिली तर दुसऱ्या प्रतीवर सही घ्यावी. सही नाकारली तर पोचपावती मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावी.

उत्तरात बहुतेकदा ‘आधी माझी गळती थांबवा’ असे येते. गळतीची तक्रार खरी असू शकते, पण तेवढ्यावरून बिल थांबत नाही. कमिटीने तिची पाहणी कधी होणार हे वेगळ्या पत्राने कळवावे आणि थकबाकीची मुदत मात्र तीच ठेवावी.