पाण्याने भरलेलं लोणचं पाण्याच्या थेंबाने का नासतं?

कैऱ्या उतरायला लागल्या आहेत आणि गटागटांत लोणच्याची तयारी सुरू झाली आहे. म्हणून आज आपण कैरीच्याच गोष्टी बोलू. एकच कैरी आपण मसाला घालून लोणच्यात मुरवतो, अख्खी खारात घालतो आणि चकत्या करून आंबोशी वाळवतो. झाडाखाली पडलेली कैरी चार दिवसांत काळी पडते, पण या तिन्ही प्रकारांत ती वर्षभर टिकते. असं का होतं, हे आमच्या गटाला एक मोठं नुकसान झाल्यावर कळलं. ते नुकसान आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही 20 किलो फोडींचं लोणचं विक्रीसाठी घातलं. त्याआधी एका प्रदर्शनात दोन-तीन गिऱ्हाइकांनी म्हटलं होतं, "चव छान आहे, पण मीठ फार. आमच्याकडे बीपीचा त्रास आहे." आम्हाला ते पटलं. नेहमी आम्ही किलोला 150 ग्रॅम मीठ घालायचो, त्या वर्षी 60 ग्रॅम घातलं. मसाला तोच, तेल तेवढंच, बरण्याही उन्हात तापवलेल्या. पन्नासच्या वर बाटल्या भरल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला की झाकण फुगलंय आणि तेल बाहेर येतंय. मग रोज एक फोन. उघडून पाहिलं तर वर फेस, फोडी गिळगिळीत, वास दारूसारखा. गटातून काढलेलं सहा हजारांचं कर्ज तसंच राहिलं आणि लोणचं आम्ही खड्डा करून पुरलं.

त्या दिवशी बैठकीत आमच्यातल्याच एका काकूंनी विचारलं, "आपण म्हणतो लोणच्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पण कैरीत काय कमी पाणी आहे? मग ते कसं चालतं?" उत्तर कोणालाच देता येईना. पुढे कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंनी हिशेब मांडून दाखवला, तेव्हा सगळं उलगडलं.

अन्न नासतं म्हणजे काय होतं? डोळ्यांना न दिसणारे जंतू, बुरशी आणि आंबवणारं यीस्ट त्यावर वाढतात. हवेत, हातावर, कैरीच्या सालीवर ते असतातच. त्यांना वाढायला आपल्यासारखंच खाणं लागतं आणि पाणी लागतं. पाणी नसलं तर समोर गूळ असला तरी त्यांना काही करता येत नाही. म्हणून टिकवायची युक्ती म्हणजे त्यांचं पाणी तोडणं.

वाळवताना आपण पाणी उडवूनच लावतो, हे समजायला सोपं आहे. मिठाचं काम जरा वेगळं असतं. चिरलेल्या फोडींवर मीठ टाकून तासभर ठेवा. परातीत पाणी सुटलेलं दिसेल. मिठाने ते फोडीतून ओढून काढलं. जंतू म्हणजेही पातळ सालीची पाण्याने भरलेली बारीकशी पिशवीच असते. ती खारट पाण्यात पडली की तिच्यातलं पाणी तसंच बाहेर ओढलं जातं. बरणीत पाणी दिसतं खरं, पण मिठाने ते धरून ठेवलेलं असतं आणि जंतूच्या वाट्याला येत नाही. मुरांब्यात हेच काम साखर करते.

आता तो हिशेब. कच्च्या कैरीच्या 10 किलो फोडींत सुमारे साडेआठ लिटर पाणी असतं. आम्ही घातलेलं 600 ग्रॅम मीठ त्या साडेआठ लिटरमध्ये वाटलं गेलं. लिटरला साधारण 70 ग्रॅम झालं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे आमचा खार समुद्राच्या फक्त दुप्पट खारट. समुद्रात किती जीव राहतात ते आपण किनाऱ्यावरच्या बायका रोज बघतो. यीस्टला तर एवढ्या मिठाचं काहीच वाटत नाही. त्याने कैरीतली साखर खाल्ली, त्यातून गॅस झाला आणि झाकणं फुगली. नेहमीचं दीड किलो मीठ घातलं असतं तर लिटरला 175 ग्रॅमच्या पुढे गेलं असतं, समुद्राच्या पाचपट. तिथे नासवणाऱ्या बहुतेक जिवांची वाढ थांबते.

एक ध्यानात ठेवा, मीठ सगळ्या जंतूंना मारत नाही. बरेचसे नुसते निपचित पडून राहतात आणि गोडं पाणी मिळायची वाट बघतात. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओला चमचा बरणीत गेला की त्याचं पाणी तेलाखाली उतरतं आणि वरच्या फोडींवर बसतं. खालचं मीठ तिथवर लगेच पोचत नाही. त्या रुपयाएवढ्या जागेत खार पातळ होतो, चमच्याला भाताचं शीत असलं तर खाणंही मिळतं, आणि बुरशीची पहिली टिकली तिथेच दिसते. कैरी धुतल्यावर पुसून सावलीत कोरडी करायची, ती याचसाठी.

पहिले आठ दिवस लोणचं रोज खालीवर करायला सासवा सांगतात, त्याचं कारणही हेच. मीठ विरघळून खार तळाशी जमतो आणि वरच्या फोडी कमी मिठात उघड्या राहतात. खारातल्या कैऱ्यांत हे आणखी नीट दिसतं. अख्खी कैरी खारावर तरंगते, आणि जिचं डोकं वर राहिलं तिलाच बुरशी धरते. म्हणून वर बशी उपडी घालून धुतलेला, वाळवलेला गुळगुळीत दगड ठेवायचा. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या. मीठ आणि आंबटपणा मिळून ॲल्युमिनियम, पितळ खातात.

कैरीचं दुसरं बळ तिचा आंबटपणा. आंबट आणि खारट दोन्ही एकत्र आलं की जंतूंना फार जड जातं. मोहरीचाही थोडा हातभार लागतो, पण मसाल्यावर भिस्त ठेवू नका. आणि तेलावर तर मुळीच नको. तेल हे झाकण आहे. बुरशीला हवा लागते, म्हणून गार केलेली फोडणी फोडींच्या वर बोटभर आली की बुरशीला जागा मिळत नाही. पण काही जंतू हवेशिवायही वाढतात, आणि त्यांतला एक असं विष तयार करतो की ज्याचा वास येत नाही, चव लागत नाही आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. कैरी, लिंबू आंबट असल्याने तिथे तो वाढत नाही. लसूण, गाजर, हिरवी मिरची आंबट नसतात. नुसत्या तेलात बुडवलेला लसूण महिनोन्‌महिने बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. अशा लोणच्यात मीठ पुरेसं हवंच, शिवाय लिंबाचा रस हवा. आमच्या गटात पाव किलो मिरचीला चार ते पाच रसदार लिंबं घेतात.

आता आंबोशी. इथे हिशेब तराजूवरच दिसतो. मीठ न लावलेल्या 10 किलो चकत्यांत दीड किलो कोरडा ऐवज आणि बाकी पाणी असतं. आंबोशी नीट वाळली की वजन पावणेदोन किलोच्या आसपास येतं. एका वर्षी घाईत आम्ही अडीच किलोवरच डबे भरले. चकत्या वरून कडक होत्या. पण अडीच किलोत दीड किलो ऐवज म्हणजे एक किलो पाणी आतच होतं. पंधरा दिवसांत हिरवी बुरशी आली. जाड चकत्या कडक उन्हात टाकल्या की वरची साल आधी आवळते आणि आतलं पाणी कोंडतं. म्हणून चकत्या पातळ आणि सारख्या जाडीच्या हव्यात, दिवसातून दोनदा उलटायला हव्यात आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्यायला हव्यात.

वजनकाटा नसेल तर एक चकती मोडून बघा. कट्‌कन मोडली पाहिजे, वाकता कामा नये. मग थंड झालेली आंबोशी काचेच्या बरणीत घट्ट बंद करून एक दिवस ठेवा. आतून काचेवर दमटपणा दिसला तर परत उन्हात टाका. पावसाळ्यात वाळलेली वस्तू हवेतून पाणी परत ओढते, म्हणून मोठा डबा रोज उघडू नका. महिन्याचं छोट्या बरणीत वेगळं काढा.

लोणचं घालताना मीठ वाटीने मोजू नका, तोला. एक वाटी जाडं मीठ आणि एक वाटी बारीक मीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो. आमच्यातल्या जुन्या बायका वाटीनेच घालतात आणि त्यांचं बिघडत नाही, पण त्या खार चाखून बघतात. घालताना तो तोंड वाकडं होईल इतका खारट लागतो, आणि मुरल्यावर चव बसते.

बिघडलेलं ओळखायचं तर बुडबुडे, फेस, फुगलेलं झाकण, लिबलिबीत फोडी, दारूसारखा किंवा कुबट वास. हिरवी-काळी बुरशी दिसली तर वरचं खरवडून खालचं खाऊ नका. तिचे धागे खालपर्यंत गेलेले असतात. नंतर मीठ घालून ते लोणचं सुधारत नाही.

आणि बीपीवाल्या गिऱ्हाइकांना आता आम्ही सांगतो की लोणच्यातलं मीठ कमी होणार नाही, ताटातली फोड कमी करा, आणि डॉक्टरांनी बंद सांगितलं असेल तर खाऊच नका. कमी मिठाचं हवंच असेल तर पाव किलो कैरीचं करून फ्रीजमध्ये ठेवावं आणि आठवड्यात संपवावं. तसं लोणचं आम्ही बाटलीत भरून विकत नाही. त्या वर्षीच्या सहा हजारांचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला.