‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट का चालत नाही?

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजेच आयईपी, तयार केला जातो. त्यात अनेकदा ‘वाचन सुधारेल’ एवढंच लिहिलेलं असतं. पण सुधारलं की नाही, हे ठरवणार कसं?

समजा, चौथीतली एक मुलगी दुसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा वाचताना मिनिटाला ३० शब्द बरोबर वाचते आणि जोडाक्षरांवर अडते. तिचं उद्दिष्ट असं लिहिता येईल: ‘१२ आठवड्यांनी त्याच पातळीच्या नव्या उताऱ्यात मिनिटाला ४२ शब्द बरोबर.’ म्हणजे दर आठवड्याला एक शब्द जास्त. दर आठवड्याला नवा उतारा देऊन मोजायचं. सहाव्या आठवड्यात आकडा ३६च्या आसपास हवा. सलग चार आठवडे तो मागे राहिला, तर उद्दिष्ट खाली आणण्याआधी जोडाक्षरं शिकवण्याची पद्धत बदलायची.

वर्गातल्या सवलती वेगळ्या लिहायच्या: विज्ञानाचे प्रश्न वाचून दाखवणं, जादा वेळ देणं, वेलांटी चुकली म्हणून गुण न कापणं, सगळ्यांसमोर अचानक मोठ्याने वाचायला न लावणं. सवलतींनी वाचन सुधारत नाही, फक्त वाचनापायी तिचं विज्ञान अडत नाही. त्यामुळे सवलती मिळाल्या, तरी वाचनाचा रोजचा सराव आराखड्यात राहायलाच हवा.