धुरकट सकाळी नाडीवर किती विसंबावे?

डिसेंबर-जानेवारीत चऱ्होलीची सकाळ पांढुरकी उगवते. इंद्रायणीकाठचे ते सगळेच धुके नसते. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वरच्या उबदार हवेचे जणू झाकण बसते. शेकोट्या, पेटवलेला कचरा, आळंदी रस्त्यावरची वाहने, बांधकामांची धूळ असे सारे त्या झाकणाखाली कोंडते. ऊन तापले, की साधारण नऊ-दहानंतर हवा वर चढू लागते. म्हणजे पहाटे सहाची, फिरायला उत्तम मानलेली वेळ हिवाळ्यात बहुधा सर्वांत वाईट ठरते.

अशा सकाळी मनगटावरच्या घड्याळात ठोके नेहमीपेक्षा जास्त दिसले, की अनेक जण धास्तावतात. उलट ठोके नेहमीसारखे असले, की हवा ठीक आहे असे मानून पळत राहतात. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते.

समजा, ५२ वर्षांचे एक गृहस्थ रोज एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने तासभर झपझप चालतात आणि त्यांची नाडी ११० च्या आसपास राहते. एका धुरकट सकाळी ती ११८ दिसते. याला हवाच कारणीभूत आहे, असे म्हणता येत नाही. अपुरी झोप, कमी प्यायलेले पाणी, अंगातली कणकण किंवा निघताना घेतलेला कडक चहा यांनीही एवढा फरक पडतो. पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण रक्तवाहिन्या आकसवतात, हृदयाची लय सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेवरही परिणाम करतात. पण त्यातून नाडीत होणारी वाढ सहसा थोडीच असते आणि व्यायामाच्या ठोक्यांत ती हरवून जाते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी तर औषधानेच दबलेली असते. नाडी हे हवा मोजण्याचे यंत्र नव्हे.

मग तिचा उपयोग काय? नाडीवरून श्वासाचा अंदाज येतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा आत घेतो, झपझप चालताना सुमारे २५ आणि पळताना ७० किंवा त्याहून अधिक. घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम कण असलेल्या हवेत तासभर बसल्यास सुमारे ४० मायक्रोग्रॅम कण श्वासातून आत जातात. तासभर चालल्यास सुमारे १३५ आणि अर्धा तास पळल्यास जवळपास १९०. शिवाय दम लागला, की तोंडाने श्वास सुरू होतो आणि नाकाची गाळणी बाजूला पडते. म्हणून या गृहस्थांनी ११८ वर वेग कमी करून नाडी १०० वर आणली, तर आत जाणारी धूळही कमी होते.

बाहेर पडायचे की नाही, हे मात्र हवेच्या आकड्यावर ठरवावे. चऱ्होलीकरांसाठी आळंदी आणि भोसरी इथली केंद्रे जवळची. पुण्यातील आयआयटीएमच्या ‘सफर’ यंत्रणेची ही केंद्रे आहेत. इथे एक गोम आहे. ठळकपणे दिसणारा हवा निर्देशांक बहुधा २४ तासांच्या सरासरीचा असतो. दुपारच्या स्वच्छ हवेने पहाटेचा धूर त्यात झाकला जातो. त्यामुळे त्या तासाचा पीएम २.५ चा आकडा पाहावा. तो ६० पर्यंत असेल तर निरोगी माणसाने नेहमीचा व्यायाम करायला हरकत नाही. ६० ते ९० मध्ये दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असलेल्यांनी घरातच थांबावे. इतरांनी पळणे सोडून सावकाश चालावे. ९० च्या वर निर्देशांक ‘वाईट’ श्रेणीत जातो, तेव्हा सर्वांनीच व्यायाम आत न्यावा किंवा दुपारी तीन-चारपर्यंत थांबावे. छातीत आवळल्यासारखे होणे, घरघर, चक्कर किंवा ठोका चुकल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले, तर आकडा काहीही असो, तिथेच थांबावे. छातीतले आवळणे थोड्या विश्रांतीने गेले नाही, तर दवाखाना गाठावा.

जागेने किती फरक पडतो, हे लंडनमधील एका अभ्यासात दिसले. ‘लॅन्सेट’ने तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. साठीपुढच्या लोकांना दोन तास एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा डिझेल बसगाड्यांच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवले. बागेत चालून फुप्फुसे आणि रक्तवाहिन्यांना झालेला फायदा रस्त्यावर बराचसा पुसला गेला. तेव्हा निर्देशांक बरा असला तरी आळंदी रस्त्याची कडा सोडून सोसायटीच्या आतली वाट धरणे शहाणपणाचे.

आत येणे म्हणजे आपोआप स्वच्छ हवेत येणे, असेही नाही. उघड्या खिडक्यांतून हे कण सहज घरात येतात. उदबत्ती, धूप आणि फोडणीचा धूर त्यात भर घालतो. खिडक्या सकाळी बंद ठेवून दुपारी उघडाव्यात, रस्त्याकडेची खोली टाळावी आणि जागच्या जागी चालणे, सूर्यनमस्कार किंवा जिने चढणे स्वयंपाक सुरू होण्याआधी उरकावे. जिन्यावर नाडी भराभर चढते, तेव्हा दोन मजल्यांनंतर थांबून ती आपल्या नेहमीच्या आकड्यावर उतरू द्यावी आणि मगच पुढचे मजले चढावेत.