काव काव करतो तो काऊ

बडबडगीतांतल्या प्राण्यापक्ष्यांची नावं जरा कान देऊन ऐका. चिव चिव करते ती चिऊ, काव काव करतो तो काऊ, म्याऊ म्याऊ करते ती माऊ. हंबरणारी गाय तर सरळ हम्माच. बाळाला नाव वेगळं शिकवावं लागत नाही, कारण आवाज हेच नाव असतं. ऐकू येणाऱ्या आवाजाची नक्कल करून घडलेल्या अशा शब्दांना आपण अनुकरणवाचक किंवा ध्वन्यनुकारी शब्द म्हणतो.

ही रीत बालबोलीपुरती नाही. 'काक' हा शब्द कावळ्याच्या आवाजावरूनच आला, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा घडतं, असं यास्काचार्यांनी 'निरुक्ता'त म्हटलं आहे. औपमन्यवांना ते मान्य नव्हतं, हेही तिथेच नोंदलेलं आहे.

नक्कल हुबेहूब मात्र नसते. आपला कोंबडा कुकूच कू करतो, फ्रेंच कोंबडा कोकोरिको आणि जपानी कोकेकोक्को. बांग एकच, पण प्रत्येक भाषा ती आपापल्या अक्षरांत बसवते.

मराठीने ही अक्षरं किती नेमकी निवडली आहेत, ते शब्दाच्या शेवटाकडे पाहिलं की कळतं. टक, खट, पट म्हणताना तोंडातली हवा अडते, म्हणून हे शब्द झाला आणि थांबला अशा आवाजाचे. खण, छन, ठण यांच्या शेवटी आवाज नाकातून घुमत राहतो, म्हणून ते धातूचे. लाकडी ठोकळा फरशीवर खटकन पडतो, स्टीलचं ताट खणकन. ठोकळा खणकन पडला असं लहान मूलही म्हणणार नाही. दाराची कडी लोखंडी असूनही खट वाजते, कारण ती कोयंड्यात अडकते आणि तिला घुमायला वाव मिळत नाही. 'ळ' आला की आवाज वाहू लागतो: ओढा खळखळतो, पानं सळसळतात.

मधला स्वरही काम करतो. नवी चप्पल करकर वाजते, पाळणा कुरकुरतो, रातकिडे किरकिरतात. 'इ' म्हणताना जीभ टाळूजवळ जाते, तोंडातली वाट अरुंद होते आणि आवाज बारीक, टोकदार निघतो. रातकिड्याला तोच शोभतो.

बडबडगीतांत हे शब्द बहुधा जोडीने येतात, आणि ते केवळ ठेक्यासाठी नाही. 'टप' म्हणजे एक थेंब, 'टप टप' म्हणजे थेंबामागून थेंब. दारावर 'खट' झालं तर काहीतरी आपटलं असेल. 'खटखट' झाली तर कुणीतरी आलं आहे.

जोडीचा हाच साचा मराठीने आवाज नसलेल्या गोष्टींनाही दिला. चांदणी लुकलुकते, काजवा चमचमतो. इथे कानाला काहीच ऐकू येत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने हे ध्वन्यनुकारी शब्द नव्हेत. तरी 'लुकलुक' म्हणताना उजेडाची ती उघडझाप मुलाला जिभेवर जाणवते.